बाहीवरची लाल झाक

भिंगीला माणसं पटकन पटत नसत. भाजीवाल्याने "ताजी आहे ताई" म्हटलं, की ती भाजीकडे नाही, भाजीवाल्याच्या तोंडाकडे बघायची. हे नाव तिला तिच्या थोरल्या भावाने दिलेलं. "एवढं भिंग लावून जग बघितलंस ना, तर देवाच्या नाकावरही मुरूम सापडेल तुला," असं तो म्हणायचा. तरी भिंगीचं काय चुकत होतं? तिचं पोटच मुळी बारीक बघण्यावर चाललेलं. दादाचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत तो फोटो काढायचा आणि मागच्या खोलीत, पंख्याच्या घरघरीखाली, ती कॉम्प्युटरवर ते दुरुस्त करायची. कुणाचे डोळ्यांखालचे काळे डाग घालवायचे, कुणाच्या मिटलेल्या डोळ्याच्या जागी दुसऱ्या फोटोतला उघडा डोळा बसवायचा. असं सगळं जग आपल्या हाताने सारखं करणाऱ्या बाईला जगावर विश्वास कुठून बसणार!

त्या दुपारी दादा बाहेर गेला होता, आणि एक माणूस आत आला. खिशाला पेन्सिल, नखांत लाकडाचा भुसा, अंगाला व्हार्निशचा वास. सुतार आहे हे सांगायची गरजच नव्हती. त्याने एक फोटो पुढे ठेवला. पिवळा फ्रॉक घातलेली सात-एक वर्षांची मुलगी टेबलामागे बसलेली. मागचा पडदा आणि खिडकी लोण्यासारखी मऊ झालेली, डोळे मात्र पापणी न् पापणी मोजता येईल इतके लख्ख. फोटो ह्याच स्टुडिओतला, दादाच्या हातचा. भिंगीने तो लगेच ओळखला.

"ही माझी ठकी," तो म्हणाला. "गेल्या वाढदिवसाचा फोटो. त्या दिवसाचे बाकीचे पण असतील ना तुमच्याकडे?"

भिंगीने कॉम्प्युटरवर शोधलं. त्या तारखेच्या खणात एकच फोटो होता, हाच. तिला नवल वाटलं. एका लहान मुलाचा एक धड फोटो मिळायला दादा वीस फोटो काढतो आणि एकही पुसत नाही. दादाला फोटो पुसणं म्हणजे दात उपटण्यासारखं वाटायचं.

"नाहीयेत," ती म्हणाली.

माणसाचा चेहरा पडला. मग त्याने फोन काढून दुसरा फोटो दाखवला. लाकडी घोडा, लाल रंगाचा, वीतभर उंच. एक कान मात्र कोऱ्या लाकडाचा, बिनरंगाचा.

"मग एवढं करा. हा ह्या टेबलावर ठेवा, तिच्या डाव्या हाताशी. असा तिरका. तोंड तिच्याकडे, शेपूट आपल्याकडे." त्याने हवेत बोटाने जागा दाखवली, अगदी चटकन, विचार न करता. "पण असा बसवा, की तिथेच होता असं वाटलं पाहिजे. बघणाऱ्याला शंका यायला नको."

झालं! हे शेवटचं वाक्य भिंगीच्या कानात काट्यासारखं घुसलं. शंका यायला नको म्हणणाराच पहिल्यांदा शंका घेऊन येतो.

"कोण बघणार आहे?" तिने विचारलं.

"शनिवारी समुपदेशक बाईंच्या खोलीत भेट आहे आमची. मी आणि तिची आई वेगळे राहतो. ठकी तिथे सांगणार, सुट्टीत माझ्याकडे यायचं की नाही ते. ती म्हणते, बाबांनी मला कधी काही दिलंच नाही." त्याने खिशातली पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "ती नाही म्हणाली, तर नाहीच. बाई तसं स्पष्ट बोलल्यात. मग संपलं."

"आणि तुम्ही हा घोडा तिला दिला होता?"

"दिला होता."

"मग तिलाच आठवेल की!"

यावर तो फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "शुक्रवारपर्यंत होईल?"

भिंगीने हो म्हटलं खरं, पण मनात ठरवून टाकलं, की हा बाप्या पोरीला फसवायला निघालाय. न दिलेलं खेळणं फोटोत घालायचं आणि पोरीला म्हणायचं, बघ, तूच विसरलीस. काय म्हणावं ह्या माणसांना! काम करायचं, पण डोळे उघडे ठेवून करायचं, असं म्हणत ती बसली.

घोडा कापून काढायला वेळ लागला नाही. तो टेबलावर ठेवला आणि फोटो लगेच बिघडला. फोनने काढलेला घोडा शेंडीपासून शेपटीपर्यंत लख्ख. चांगल्या तसबिरीवर कुणीतरी स्टिकर चिकटवून गेल्यासारखा. तसा तो दिसणारच. दादाने लेन्स पूर्ण उघडी ठेवून पोरीच्या डोळ्यांवर फोकस धरलेला. त्या अंतरावरचं तेवढं स्पष्ट, त्याच्या मागचं धूसर आणि पुढचंही धूसर. घोडा पोरीच्या पुढे, कॅमेऱ्याच्या जवळ. त्याला धूसर व्हायलाच हवं.

आणि किती धूसर, इथे नवशिके आपटतात. ते मागच्या पडद्याचा ब्लर बघतात आणि तेवढाच समोरच्या वस्तूला लावतात. अरे, पडदा कुठे, घोडा कुठे! पडद्याचं माप पडद्यापुरतं. डोळ्यांच्या मागे हातभर अंतरावरची वस्तू जेवढी विरघळते, त्यापेक्षा पुढे हातभर अंतरावरची जास्त विरघळते. म्हणून माप घ्यायचं ते फोटोतच, त्याच अंतरावर आधीपासून असलेल्या वस्तूचं. भिंगीने टेबलावरचा चौकड्यांचा कपडा पकडला. पोरीच्या हाताजवळच्या चौकड्या जवळजवळ स्पष्ट, कॅमेऱ्याकडे येतील तशा फुगत, पसरत गेलेल्या. घोडा तिरका, म्हणजे त्यालाही एकच ब्लर चालणार नाही. तोंडाला कमी, शेपटीला जास्त.

ते माप घ्यायला तिने चौकड्या मोठ्या करून बघितल्या आणि थबकली.

चौकड्या धूसर होत्या, बरोबर होत्या, पण डाव्या हाताशी एक ठिगळ इस्त्री केल्यासारखं गुळगुळीत होतं. फोटोला बारीक दाणे असतात, कॅमेऱ्याचे. धूसर भागातही ते असतातच, कारण धूसर होते ती वस्तू, कॅमेऱ्याचे दाणे नव्हेत. आणि ह्या ठिगळात दाणेच नव्हते. तिथे कुणीतरी काहीतरी पुसलं होतं आणि वरून दाणे टाकायला विसरलं होतं. ही खोड कुणाची, हे भिंगीला झोपेतही सांगता आलं असतं. दाणे टाकायला दादाच विसरतो. "एवढं कोण बघतंय भिंगे," असं म्हणतो.

आता हिचा संशय वळला. आधी सुतारावर होता, तो सरळ घरात शिरला.

तेवढ्यात दादा आला. चहाचे दोन कप घेऊन मागच्या खोलीत डोकावला आणि कॉम्प्युटरवरचा पिवळा फ्रॉक बघून दारातच थांबला. चहा बशीत सांडला.

"हे काय काढलंस?"

"काम आलंय. लाल घोडा बसवायचाय."

"परत पाठव."

"का?"

"का काय का! कोर्टकचेरीतली माणसं. आपण कशाला त्यांच्या भांडणात नाक खुपसायचं?"

"दादा, ह्या दिवसाचा एकच फोटो कसा काय आहे?"

"डिस्क भरली होती."

"आदल्या दिवशीचे चाळीस आहेत. दुसऱ्या दिवशीचे साठ आहेत."

"तू ना," दादा म्हणाला, "सख्ख्या भावाची पण झडती घेशील." आणि चहा न पिताच पुढे निघून गेला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही.  परक्यावर संशय घ्यायला तिला आवडायचं, पण दादाने तिला हाताला धरून हे काम शिकवलं होतं.

ती पुन्हा कामाला बसली. आता तिने घोड्याला लेन्ससारखा ब्लर दिला, आणि तोही कापलेल्या कडेसकट. नाहीतर पोट धूसर आणि कड कात्रीसारखी, असं विचित्र दिसतं. खऱ्या लेन्समध्ये समोरच्या धूसर वस्तूची कड अर्धी पारदर्शक होते आणि मागच्या स्पष्ट वस्तूवर सांडते. लाल घोड्याची लाल झाक पिवळ्या बाहीवर थोडीशी सांडायला हवी. किती सांडली बघायला तिने घोडा क्षणभर दिसेनासा केला.

झाक तिथेच होती.

भिंगीने डोळे चोळले. घोडा नाही, तरी पोरीच्या डाव्या बाहीवर अगदी फिकट लाल झाक. फ्रॉकचा रंग म्हणावा, तर उजव्या बाहीवर नाही. कशाचा तरी उजेड पडला म्हणावा, तर फोटोत लाल असं काहीच नाही. तिने घोडा पुन्हा आणला, पुन्हा घालवला. पुसणाऱ्याने डोळ्याला दिसणारा घोडा पुसला होता. पण धूसर वस्तू डोळ्याला दिसते त्याहून लांबवर पसरलेली असते. तिची शेवटची, विरत गेलेली कड बाहीवर तशीच राहून गेली होती.

आणि सुताराने बोटाने दाखवलेल्या जागी ठेवलेला घोडा त्या झाकेत हात हातमोज्यात जावा तसा बसत होता. मान तिथे, आयाळ तिथे. फक्त एका जागी जुळेना. घोड्याचा कोऱ्या लाकडाचा कान जिथे येत होता, तिथे बाहीवरची झाक पांढुरकी नव्हती. लाल होती.

तिने सुताराला फोन लावला. "एक खरं सांगा. त्या दिवशी घोड्याचा कान असाच होता?"

पलीकडे रंधा थांबला. "नाही. लाल होता. घोडा माझ्याकडे परत आला, तेव्हा कान मोडलेला होता. मी नवा बसवला. रंग द्यायचं मन झालं नाही."

"परत आला म्हणजे?"

मग त्याने सांगितलं. वाढदिवसाला तो घोडा घेऊन स्टुडिओच्या दारापर्यंत आला होता. ठकीच्या आईशी वाद नको म्हणून आत गेला नाही. घोडा फोटोवाल्याच्या हातात दिला आणि म्हणाला, माझं नाव सांगून द्या. काचेतून त्याने बघितलं, घोडा टेबलावर ठेवला, पोरीने त्याच्याशेजारी हात ठेवला, फोटो निघाला. तो खुशीत घरी गेला. आठवड्याने घोडा परत, ठकीच्या आईने कुणाच्या तरी हाती पाठवलेला, कान मोडलेला. "मला वाटलं, रागाने फेकला असेल तिने."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमच्याच भावाच्या हातात दिला होता ना. तुम्ही माझं ऐकलं असतं?"

 त्या दुपारी तिने त्याचं ऐकलं नव्हतंच की.

ती पुढच्या खोलीत गेली. दादा लेन्स पुसत बसला होता, कधीचीच स्वच्छ झालेली लेन्स.

"दाणे टाकायला विसरलास," ती म्हणाली. "आणि बाहीवर लाल राहिलंय."

दादाने मान वर केली नाही. 

"तिची आई रडत होती गं," तो म्हणाला. "म्हणाली, हा माणूस चार महिने फिरकत नाही, येतो म्हणतो आणि येत नाही, पोर खिडकीत बसून राहते. आता एक घोडा देऊन पुन्हा आशा लावणार. म्हणाली, काढून टाका तो फोटोतून. तिला नका सांगू कुणी दिला. मला ते पटलं. मी पोरीला म्हटलं, घोडा स्टुडिओचा आहे बाळा, फोटोपुरता. मूळ फोटो पुसले. मला वाटलं, एक घोडा तर पुसायचाय."

"चार महिने फिरकला नाही, हे खरं?"

"खरं असावं. तोही काही धुतल्या तांदळासारखा नाही."

"नसेना का! पण घोडा त्याने दिला होता." भिंगीचा आवाज चढला. "तो फिरकला नाही ते त्याचं त्याने निस्तरावं. जे त्याने केलं, ते तू कोण पुसणार?"

 "शनिवारी तू येणार आहेस माझ्याबरोबर," एवढं सांगून ती आत गेली.

राहिलेलं काम तिने जीव लावून केलं. ब्लरचं माप आता चौकड्यांवरून घ्यायची गरजच नव्हती. बाहीवरची झाक जेवढी रुंद, तेवढंच माप त्या ठिकाणचं. कान तिने लाल केला. व्हार्निशवर चमकणारा ठिपका धूसर होताना नुसता फिका न पडता मोठी, उजळ चकती झाला पाहिजे, खिडकीतल्या उजेडाच्या चकत्यांसारखीच. तोही जमवला. टेबलावरची सावली धूसर केली, आणि सगळ्यात शेवटी, ब्लर झाल्यावर, वरून दाणे टाकले, दादाच्या ठिगळावरसुद्धा. बाहीवर मात्र तिने आपली कड सांडू दिली नाही. तिथे जुनी झाकच ठेवली. ती एवढीशीच का होईना, पण त्या दिवशीची होती.

शनिवारी समुपदेशक बाईंच्या खोलीत एक गोल टेबल होतं, भिंतीवर रंगीत कागदाची फुलं. एका बाजूला ठकी आणि तिची आई. आईने पर्स मांडीवर घट्ट धरलेली. दुसऱ्या बाजूला सुतार, पायाशी पिशवी. भिंगी आणि दादा दाराशी.

फोटो बघून आईचा चेहरा उतरला. तिने एकदा दादाकडे बघितलं.

"हा खरा फोटो आहे?" बाईंनी विचारलं.

"घोडा मी काल बसवलाय," भिंगी म्हणाली.

सुताराने झटकन वर बघितलं. आई म्हणाली, "ऐकलंत? मी सांगत होते ना, हा माणूस—"

"काल बसवला, कारण गेल्या वर्षी आमच्याच स्टुडिओत तो पुसला. घोडा तिथे होता." तिने बाहीवर बोट ठेवलं. "हे लाल मी केलेलं नाही. हे त्याचं राहून गेलेलं आहे."

बाईंनी चष्मा वर ढकलून फोटो जवळ घेतला, लांब धरला. चेहऱ्यावर संशय स्पष्ट दिसत होता, आणि भिंगी त्यांना दोष देऊ शकत नव्हती. बाहीवरच्या एवढ्याशा रंगावर कुणी कसा विश्वास ठेवावा! तिने तरी ठेवला असता का?

फोटो ठकीने ओढून घेतला. नाक लावून बघितला. मग दाराकडे बघून म्हणाली, "काका, हा घोडा स्टुडिओचा आहे ना? तुम्हीच म्हणाला होतात."

खोलीत सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या. भिंगीने त्याला कोपराने ढोसलं नाही. ती फक्त बघत राहिली.

"खोटं बोललो बाळा," दादा म्हणाला.  "तुझ्या बाबांनी आणला होता. तुझं नाव घेऊन माझ्या हातात दिला होता."

ठकीच्या आईने पर्सची चेन उघडली, लावली, उघडली. "मीच सांगितलं होतं त्यांना," ती हळूच म्हणाली. "रोज खिडकीत बसायची ती. मला बघवत नव्हतं." सुताराने मान खाली घातली आणि "माझंच चुकलं ते," म्हणाला. 

ठकीला त्यातलं किती कळलं देव जाणे. तिने दप्तर उघडलं, कंपास काढला, त्यातले खडू आणि खोडरबर टेबलावर उपसले. तळातून एक लाकडाचा तुकडा काढला. नखाएवढा, टोकदार, लाल.

"आई म्हणाली, घोडा स्टुडिओत परत द्यायचाय," ती म्हणाली. "मला द्यायचा नव्हता. म्हणून मी त्याचा कान ठेवून घेतला. कुणाला सांगितलं नाही. काका रागावतील म्हणून."

सुताराने पिशवीतून घोडा काढला, लाल, एका कानाने कोरा. एक वर्ष तो समजत होता, की पोरीने रागाने फेकला. त्याने खिशातला चाकू उघडला. पातं बरोबर सांध्यावर बसलं. स्वतःच्या हाताने बसवलेला नवा कान त्याने उचकटून काढला आणि घोडा ठकीसमोर ठेवला.

ठकीने तुकडा जागेवर धरला. घट्ट बसला.

"ह्याला गोंद लागेल," ती बापाकडे बघून म्हणाली. "तुमच्याकडे आहे ना, घरी?"